निवडणूक एकच, अंदाजपत्रकं दोन

सोसायटीच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक वाचलं जातं तेव्हा लिफ्ट, पाणी, सुरक्षारक्षक, रंगकाम यांवर अर्धा तास भांडण होतं. 'निवडणूक खर्च' हे शीर्ष असलंच तर त्यापुढे मागच्या वेळचा आकडा उतरवलेला असतो आणि तो कुणी वाचत नाही. मग मुदत संपायला चार महिने उरले की सचिवांच्या लक्षात येतं, की हा आकडा पाच वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा निवडणूक बिनविरोध झाली होती आणि या वेळी दोन गट तयार झाले आहेत. महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या गृहनिर्माण संस्थेला निवडणुकीसाठी किती पैसे लागतात, हे त्यामुळे एका आकड्यात सांगता येत नाही. उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपेपर्यंतचा खर्च एक आणि त्यानंतरचा दुसरा. पहिला टळत नाही, दुसरा होईलच असं नाही. हे दोन खर्च मिसळले, की अंदाजपत्रक हमखास चुकतं.

आधी निवडणूक कोण घेतं ते पाहू, कारण खर्चावर हात कुणाचा हे त्यावरच ठरतं. २०१३ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात दुरुस्ती झाली आणि राज्यातल्या सहकारी संस्थांच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेल्या. त्यापाठोपाठ २०१४ चे समिती निवडणूक नियम आले. पण चाळीस-पन्नास फ्लॅटच्या सोसायटीलाही सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहावी लागे. हजारो सोसायट्या आणि मोजके अधिकारी, त्यामुळे निवडणुका रखडू लागल्या. पुढे २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात १५४-ब कलमांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि अडीचशेपर्यंत सदस्य असलेल्या सोसायट्यांना आपली निवडणूक आपण घेण्याची मुभा मिळाली. त्याहून मोठ्या सोसायटीची निवडणूक प्राधिकरणाच्या यंत्रणेमार्फतच होते. तिथे अधिकारी वरून नेमला जातो, खर्चाची रक्कम सोसायटीला भरावी लागते आणि घासाघीस करायला फारसा वाव नसतो. म्हणून इथे छोट्यांचाच विचार करू. सगळे निर्णय त्यांच्याच हातात असतात, त्यामुळे चुकाही त्यांच्याच.

उदाहरणाला एक सोसायटी घेऊ. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या उपनगरात असते तशी, १२० फ्लॅटची. आदर्श उपविधींनुसार १०१ ते २०० सदस्य असलेल्या संस्थेत व्यवस्थापक समितीच्या १३ जागा असतात. त्यांत सर्वसाधारण ८, महिला २, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांची प्रत्येकी एक. मतपत्रिकांचा सगळा हिशेब या विभागणीवर उभा राहतो, म्हणून ती लक्षात ठेवा. १२० पैकी ३४ फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत आणि त्यांचे मालक दुसरीकडे राहतात, असंही धरू. यापुढचे दर मी अंदाजाने धरले आहेत. तुमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याचा आणि तुमच्या निवडणूक अधिकाऱ्याचा दर वेगळा असेल, पण हिशेब करायची रीत हीच.

पहिलं काम मतदारयादीचं. ही यादी मेंटेनन्सच्या बिलांवरून करायची नसते, ती 'आय' नमुन्यातल्या सदस्य नोंदवहीवरून आणि 'जे' नमुन्यातल्या सदस्यांच्या यादीवरून करायची असते. बिल भरणारा आणि भागदाखल्यावर नाव असणारा दरवेळी एकच असतो असं नाही. मुलगा बिल भरतो, भागदाखला वडिलांच्या नावावर असतो आणि वडील तीन वर्षांपूर्वी वारलेले असतात. फ्लॅट विकला गेलेला असतो, पण हस्तांतरणाचा ठराव झालेला नसतो. दोन नावांच्या फ्लॅटला मत एकच, ते कुणी द्यायचं हेही आधी स्पष्ट असावं लागतं. प्रतिनिधीमार्फत, म्हणजे प्रॉक्सीने, मतदान करता येत नाही. परदेशातल्या मुलाच्या वतीने आईने मत देणं आपल्याला स्वाभाविक वाटतं, पण आईचं नाव सदस्य म्हणून नसेल तर ते चालत नाही.

या तपासणीला माणूस लावावा लागतो. सोसायटीचा हिशेबनीस किंवा एखादा निवृत्त सदस्य चार-पाच संध्याकाळी बसला तर काम होतं. त्यासाठी अडीच हजार रुपये ठेवा आणि टायपिंग, झेरॉक्सला पाचशे. हे तीन हजार वाचवायचा मोह फार होतो आणि पुढचा सगळा अनावश्यक खर्च तिथूनच सुरू होतो. अंतिम यादी प्रसिद्ध झाल्यावर तीत मृत सदस्याचं नाव सापडलं, किंवा हक्काचा सदस्य गळला असल्याचं लक्षात आलं, तर प्रकरण सहकार न्यायालयात कलम ९१ खाली जाऊ शकतं. तिथे वकिलाची एक तारीखही या तीन हजारांत बसत नाही. कच्ची यादी लावल्यावर हरकती मागवायच्या असतात. त्या काळात एकही हरकत आली नाही तर खूश होऊ नका, यादी कुणी वाचलीच नाही असाही त्याचा अर्थ असतो. आमच्या भागातले एक अनुभवी सचिव कच्ची यादी सूचनाफलकावर लावतात आणि लिफ्टमध्येही लावतात. लिफ्टमध्ये माणूस वाचतोच, दुसरं करायला काही नसतं.

मग नोटिसा. निवडणुकीत कागद बरेच निघतात: कच्ची यादी, अंतिम यादी, निवडणूक कार्यक्रम, आलेले अर्ज, छाननीनंतर वैध ठरलेले अर्ज, अंतिम उमेदवार, मतदानाची सूचना आणि निकाल. हे सगळं प्रत्येकाला घरपोच द्यायला निघालात तर कागद आणि टपाल यांतच अंदाजपत्रक संपेल. व्यवहारात दोन फेऱ्या वैयक्तिक कराव्यात. पहिली निवडणूक कार्यक्रमाची, कारण ती मिळाली नाही तर माणूस उमेदवारीला मुकतो. दुसरी मतदानाची, पण ती मतदान होणार असेल तरच. बाकीचे कागद तारीख-वेळ लिहून फलकावर लावावेत आणि लावल्याचा फोटो फायलीत ठेवावा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जरूर टाका, पण फक्त तेवढ्यावर विसंबू नका. ग्रुपमध्ये भाडेकरू असतात आणि मालक नसतात, हे प्रत्येक सोसायटीत दिसतं.

इमारतीत राहणाऱ्या ८६ जणांना नोटीस हाती द्यायची आणि पोहोचवहीत सही घ्यायची. वॉचमन हे काम करतो, तेव्हा सहीच्या जागी फ्लॅट नंबर लिहून येतो. तो पुरावा म्हणून टिकत नाही, हे त्याला आधी समजावून सांगावं. बाहेर राहणाऱ्या ३४ जणांना टपालाने. जुन्या फायलीवरून दर उतरवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे. मागच्या निवडणुकीच्या व्हाउचरवरचा रजिस्टरचा दर आता कामाचा नाही, पोस्टात जाऊन नवा दर विचारावा. पाकिटाला ५५ रुपये धरले तर ३४ पाकिटांचे १,८७० होतात. कार्यक्रम, अर्जाच्या सूचना आणि यादी कुठे पाहता येईल याची माहिती मिळून तीन पानं, म्हणजे १२० जणांची ३६० पानं. दोन रुपये पानाने ७२०. पाकिटांचे १७०. पहिली फेरी २,७६० रुपयांची.

आता निवडणूक निर्णय अधिकारी. त्याचं मानधन हा या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात धूसरही. छोट्या सोसायटीत त्याची नेमणूक समिती करते. तो स्वतः उमेदवार नसावा हे उघडच आहे. सोसायटीतलाच एखादा वडीलधारा सदस्य हे काम फुकट करायला तयार असतो. निवडणूक बिनविरोध होणार असेल तर ते ठीक, पण दोन गट उभे असताना शेजारच्याने शेजाऱ्याचा अर्ज बाद करायचा म्हटलं, की पुढची पाच वर्षं जिन्यात बोलणं बंद. तेव्हा बाहेरचा माणूस बरा. निबंधक कार्यालयाच्या पॅनेलवरचा किंवा दुसऱ्या सोसायटीतला, नियम माहीत असलेला. त्याच्याशी ठरवताना 'एकूण किती' एवढंच विचारून थांबू नये. त्याला किती वेळा यावं लागेल ते मोजावं: अर्ज स्वीकारणं, छाननी, माघार, मतदान आणि मतमोजणी, आणि शेवटी नव्या समितीची पहिली बैठक, जिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडले जातात. ही शेवटची बैठक पुष्कळदा विसरली जाते आणि मग अधिकारी वेगळे पैसे मागतो. मागण्यात त्याचं काही चुकत नाही, कारण तुम्ही आधी बोललाच नव्हतात. नेमणूकपत्रात दोन रकमा लिहून घ्याव्यात, बिनविरोध झाल्यास सहा हजार आणि मतदान झाल्यास आणखी चार हजार, असं काहीसं. येण्याजाण्याचा खर्च त्यात धरला आहे का, तेही लिहावं. आणि पैसे चेकने द्यावेत.

उमेदवारी अर्ज, नोंदवही, फायली, स्टेशनरी याला आठशे पुरतात. पहिल्या टप्प्याची बेरीज अशी: यादी ३,०००, नोटिसा २,७६०, अधिकारी ६,०००, स्टेशनरी ८००. एकूण १२,५६० रुपये. माघारीची मुदत संपली, जागा तेरा आणि अर्ज तेरा किंवा कमी उरले, तर खर्च इथेच थांबतो. अर्जांच्या शुल्कातून किंवा अनामत रकमेतून यातलं काही भागेल असं मात्र धरू नये. परत करायची रक्कम जमेच्या बाजूला मांडणारे खजिनदार मी पाहिले आहेत.

समजा, तसं झालं नाही. सर्वसाधारण ८ जागांना ११ उमेदवार उरले, महिलांच्या २ जागांना ३, आणि बाकी तीन राखीव जागांपैकी एक बिनविरोध भरली, दोनसाठी अर्जच आला नाही. तर मतपत्रिका दोनच प्रकारच्या छापायच्या, पाच नव्हे. मतपत्रिकेची ऑर्डर माघारीच्या दिवसाआधी देऊ नये, याचं कारण हेच. आधीच पाच रंगांचे कागद आणून ठेवणारे उत्साही लोक असतात. पाच प्रकार गुणिले १२० म्हणजे ६०० मतपत्रिका, आणि आपल्या उदाहरणात लागणार आहेत २४०.

छपाईत आणखी एक गोम आहे. ऑफसेट प्रेसवाल्याला १२० प्रती हा आकडाच समजत नाही. तो प्लेटचे पैसे घेतो आणि किमान पाचशेचा हिशेब सांगतो. एवढ्या कमी प्रतींसाठी डिजिटल प्रिंट परवडतं. प्रत्येक प्रकारच्या १२० आणि वर दहा टक्के राखीव, म्हणजे १३२. दोन प्रकारांच्या २६४. सर्वसाधारण पांढऱ्या कागदावर, महिला गुलाबी. स्थळप्रतीवर अनुक्रमांक हवा, पण मतपत्रिकेच्या ज्या भागावर शिक्का मारायचा तिथे मतदार ओळखू येईल असं काहीच नको. छिद्रांची ओळ आणि अनुक्रमांक यांसह नगाला आठ रुपये धरले तर २,११२ रुपये. छापखान्यातून आल्यावर पहिल्यांदा नावं वाचून पाहावीत. क्रम बरोबर आहे का, 'कुलकर्णी' दोन असतील तर त्यांचे फ्लॅट क्रमांक आहेत का, आणि वरच्या ओळीत 'जास्तीत जास्त ८ मते' असं ठळक छापलं आहे का. ही शेवटची ओळ नसली, की बाद मतपत्रिका वाढतात. राखीव प्रती किती वापरल्या, किती उरल्या, याची नोंद अधिकाऱ्याने ठेवायची.

मत पेनाने द्यायचं की शिक्क्याने, हा वाद दरवेळी निघतो. शिक्का बरा, कारण सगळ्यांची खूण सारखी होते आणि पेनच्या शाईवरून किंवा हस्ताक्षरावरून कुणी काही ओळखू शकत नाही. पण ओल्या पॅडचा शिक्का मारून कागद लगेच दुमडला तर समोरच्या बाजूच्या नावावर उलटा ठसा उमटतो आणि मोजणीच्या टेबलावर भांडण सुरू होतं. त्यामुळे लवकर वाळणारं पॅड घ्यावं आणि मतपत्रिका आधी उभी दुमडायला सांगावी, म्हणजे ठसा कोऱ्या भागावर पडतो. दोन शिक्के, दोन पॅड, कुलूप लागेल अशी पेटी, लाख आणि जाड पाकिटं, सगळं मिळून दीड हजार. पेटी शेजारच्या सोसायटीकडून मागून आणली तरी चालते, फक्त मतदान सुरू करण्याआधी सगळ्यांना ती रिकामी दाखवायला विसरू नये.

मतमोजणीच्या खर्चाचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो, कारण लोक मतपत्रिका मोजतात. मोजायच्या असतात त्या खुणा. आपल्या उदाहरणात ८४ जणांनी मतदान केलं असं धरा. सर्वसाधारण गटाच्या ८४ मतपत्रिका, प्रत्येकीवर जास्तीत जास्त ८ खुणा, म्हणजे ६७२ खुणा वाचून लिहायच्या. महिलांच्या आणखी १६८. एक मतपत्रिका वाचून, दाखवून, लिहून घ्यायला पाऊण मिनिट धरलं तरी नुसत्या सर्वसाधारण गटाला तास जातो, आणि फेरमोजणीची मागणी आली तर दोन. संध्याकाळी पाचला मतदान संपवून सातला जेवायला घरी जाऊ, हा बेत फसतो. एका टेबलावर तीन माणसं लागतात: एक नाव वाचणारा, एक त्याच्या खांद्यावरून पाहणारा, एक लिहिणारा. चौथा मतदारांची सही घेऊन मतपत्रिका देतो. चौघांना आठशे रुपये प्रमाणे ३,२०० ठेवा. ते उमेदवारांचे नातेवाईक नसावेत. सोसायटीबाहेरचे दोन विद्यार्थी आणि एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ही जोडणी उत्तम चालते.

मोजणी पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांत करावी आणि प्रत्येक गठ्ठ्याचा तक्ता वेगळा लिहावा. त्याचा फायदा बेरीज जुळत नाही तेव्हा कळतो. समजा, ८४ पैकी ३ मतपत्रिका बाद ठरल्या: दोनवर नऊ खुणा होत्या, एकीवर मतदाराने सही केली होती. उरल्या ८१, म्हणजे जास्तीत जास्त ६४८ मतं. अकरा उमेदवारांच्या मतांची बेरीज ६११ आली तर ३७ मतं मतदारांनी वापरलीच नाहीत, यात गैर काही नाही. आठपेक्षा कमी खुणा असलेली मतपत्रिका बाद होत नाही. पण बेरीज ६४८ च्या वर गेली, तर कुणीतरी एक रेघ दोनदा मारली आहे हे नक्की. मात्र ६११ मध्येही अशी चूक लपलेली असू शकते. ती पकडायची तर प्रत्येक गठ्ठ्यात किती खुणा कमी आहेत हे वाचणाऱ्याने वेगळं टिपायचं आणि तक्त्याशी ताडून पाहायचं. जो गठ्ठा जुळत नाही तेवढाच पुन्हा मोजायचा, सगळी मोजणी नव्हे. शेवटच्या जागेसाठी दोघांना सारखीच मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. ती चिठ्ठीही फायलीत जाते.

दुसऱ्या टप्प्याची बेरीज करू. मतदानाच्या नोटिसेला एकच पान, म्हणून टपाल, कागद आणि पाकिटं मिळून २,२८०. अधिकाऱ्याचे वाढीव ४,०००, मतपत्रिका २,११२, साहित्य १,५००, कर्मचारी ३,२००, टेबलखुर्च्या, चहा आणि जेवण २,५००. एकूण १५,५९२. दोन्ही टप्पे मिळून २८,१५२ होतात. वर दहा टक्के अकल्पित खर्चाला धरून ३१,००० चं अंदाजपत्रक सभेत मांडावं आणि ठरावात स्पष्ट लिहावं, की दुसऱ्या टप्प्याची रक्कम अंतिम उमेदवारांची यादी लागल्यावरच आणि मतदान होणार असेल तरच खर्च करायची. असा ठराव असला, की बिनविरोध निवडणुकीनंतर कुणी जेवणाचं बिल निवडणूक खर्चात घालू शकत नाही.

हे पैसे आणायचे कुठून? आदर्श उपविधींत निवडणूक निधीचं वेगळं शीर्ष आहे आणि तो सगळ्या फ्लॅटना सारखाच आकारायचा असतो, क्षेत्रफळावर नाही. ३१,००० भागिले १२० फ्लॅट, म्हणजे फ्लॅटमागे २५८ रुपये. समितीची मुदत पाच वर्षांची, म्हणून साठ महिन्यांत विभागले तर महिन्याला सव्वाचार रुपये. बिलात पाच रुपये लावले तर पाच वर्षांत ३६,००० जमतात आणि मधल्या भाववाढीलाही थोडी जागा राहते. हे पाच रुपये लावले नाहीत, की निवडणुकीच्या वर्षी एकदम अडीचशेची वर्गणी मागावी लागते. ती देताना लोक निवडणुकीचीच कुरकुर करतात. त्यातून निवडणूक पुढे ढकलली आणि समितीची मुदत संपली, तर निबंधकांना कलम ७७-अ खाली प्राधिकृत अधिकारी नेमता येतो. त्याचं मानधनही सोसायटीच्याच तिजोरीतून जातं, आणि ते दर महिन्याला.

निकालानंतर वापरलेल्या, बाद झालेल्या आणि उरलेल्या मतपत्रिका वेगवेगळ्या पाकिटांत लाखेने बंद करून, वर सह्या घेऊन अधिकाऱ्याने ठेवायच्या असतात. पाकिटं आणि लाख यांचा खर्च धरला होता, तो यासाठी. खर्चाची सगळी बिलं एकाच व्हाउचर फायलीत, 'पहिला टप्पा' आणि 'दुसरा टप्पा' अशा दोन भागांत लावावीत, म्हणजे लेखापरीक्षकाचे प्रश्न निम्मे होतात. आणि निवडणूक बिनविरोध झाली तर साडेबारा हजारांच्या आसपास खर्च होऊन निधीत तेवीस हजारांहून अधिक शिल्लक राहते. ती लिफ्टच्या दुरुस्तीकडे वळवायचा प्रस्ताव नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत येतो. निधी निवडणुकीसाठी गोळा केला आहे, म्हणून तो ताळेबंदात त्याच शीर्षाखाली पुढे न्यायचा. वाटल्यास पुढची दोन वर्षं महिन्याचे पाच रुपये बंद ठेवायचे, पण शीर्ष बंद करायचं नाही.